दीर्घ वैद्यकीय रजेनंतर रुजू होताना : तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र कसे सादर करावे

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अराजपत्रित वरिष्ठ लिपिक आहे. कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी 1 डिसेंबर ते 11 एप्रिल अशी वैद्यकीय रजा घेतली होती आणि ती दोनदा वाढवून मंजूरही झाली होती. 11 एप्रिलला शनिवार होता. सोमवारी, 13 एप्रिलला, माझ्या खासगी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेले ‘कामावर जाण्यास हरकत नाही, हलके काम द्यावे’ असे प्रमाणपत्र घेऊन मी कार्यालयात गेलो. साहेबांनी ते पाहून परत दिले आणि ‘हे चालणार नाही, सिव्हिल सर्जनचे आणा’ असे तोंडी सांगितले. त्यानंतर दोनदा गेलो, पण रुजू करून घेतले नाही. आता चार आठवडे होत आले, पगार नाही, आणि हे दिवस अनधिकृत गैरहजेरी धरले जातील असे कानावर येते. माझे प्रमाणपत्र खरोखर बाद आहे का? मी काय करावे?

उत्तर : आपले प्रमाणपत्र खोटे किंवा निरर्थक नाही, मात्र नियमाला जे हवे आहे ते त्यात पूर्णपणे उतरलेले नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, ते आपण सादर केले होते हे दाखवणारा एकही कागद आज आपल्यापाशी दिसत नाही. या दोन्ही गोष्टी अजून दुरुस्त करता येतात, परंतु त्यासाठी या आठवड्यातच हालचाल करावी लागेल.

आपल्याला केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 लागू आहेत. त्यातील नियम 24(3) असे सांगतो की, वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याने नमुना 5 मधील तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय त्याला कामावर परतता येत नाही. (राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 आहेत आणि त्यांतही याच धर्तीची तरतूद आहे, तेथील वाचकांनी आपल्या नियमांतील नमुना वापरावा.) नमुना 5 हा एका परिच्छेदाचा साधा मजकूर आहे, पण त्यात तीन गोष्टी मुद्दाम घातलेल्या आहेत. पहिली म्हणजे वरच्या बाजूला कर्मचाऱ्याची स्वतःची सही असते आणि ‘ज्यांची सही वर आहे त्या व्यक्तीस मी काळजीपूर्वक तपासले’ असे डॉक्टर लिहितात, त्यामुळे तपासलेला माणूस आणि रुजू होणारा माणूस एकच असल्याचे ठरते. दुसरी म्हणजे तो आजारातून बरा झाला असून शासकीय सेवेतील कर्तव्यावर परतण्यास आता पात्र आहे, असे निःसंदिग्ध विधान असते. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ज्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवर रजा मंजूर झाली किंवा वाढवली गेली, ती मूळ प्रमाणपत्रे व आजाराचे विवरण (किंवा त्यांच्या प्रमाणित प्रती) आपण पाहिली आणि विचारात घेतली, असे डॉक्टरांना त्यात नमूद करावे लागते. म्हणूनच रजेची मूळ प्रमाणपत्रे दोन प्रतींत करून एक प्रत कर्मचाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी, अशी टीप त्या नमुन्याखालीच दिलेली आहे. आपल्याकडे ती प्रत नसेल तर कार्यालयाकडे आजच लेखी अर्ज करून प्रमाणित प्रती मागवा आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.

लेटरहेडवरील दोन ओळींच्या मजकुरात यांतले काहीच नसते. असे प्रमाणपत्र पाहून एखादा अधिकारी थबकला तर त्याचे सगळेच चुकले, असे मला म्हणता येत नाही. त्याची चूक पुढची आहे. काय कमी आहे हे त्याने लेखी सांगायला हवे होते आणि आपला कागद परत करण्याऐवजी आवकमध्ये घ्यायला हवा होता.

प्रमाणपत्र सिव्हिल सर्जनचेच हवे का, या मुद्द्यावर नियम स्पष्ट आहे. राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी वैद्यकीय मंडळाची तरतूद आहे आणि तिलाही काही अपवाद आहेत. अराजपत्रित कर्मचाऱ्याच्या बाबतीत मात्र सक्षम अधिकारी आपल्या विवेकाधिकारात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने सही केलेले प्रमाणपत्र स्वीकारू शकतो. म्हणजे आपल्या खासगी शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र केवळ खासगी म्हणून अपात्र ठरत नाही, पण ते स्वीकारलेच पाहिजे असा आपला हक्कही नाही. या विवेकाधिकाराचा वापर मात्र तोंडी होऊ शकत नाही. सरकारी डॉक्टरांचे मत हवे असेल तर अधिकाऱ्याने आपल्याला तसे पत्र देऊन ठरावीक रुग्णालयाकडे पाठवावे. तसे पत्र आले तर वाद न घालता लगेच जा आणि जाताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी, एमआरआयचे अहवाल आणि रजेची सर्व प्रमाणपत्रे मूळ स्वरूपात सोबत ठेवा. पत्राशिवाय स्वतःहून सिव्हिल सर्जनकडे गेल्यास अनेकदा तेथूनच ‘कार्यालयाचे पत्र आणा’ म्हणून परत पाठवतात आणि त्यात आणखी दिवस जातात.

आता ‘हलके काम द्यावे’ या शब्दांबद्दल मला सविस्तर सांगायचे आहे, कारण अशी प्रकरणे बहुतेक तेथेच अडतात. डॉक्टरांचा हेतू चांगला असतो, परंतु हे शब्द तंदुरुस्तीच्या विधानाला अट घालतात. नमुना 5 कर्तव्यावर परतण्याची पात्रता विचारतो. ‘हलके काम’ म्हणजे नेमके काय आणि किती दिवस, हे कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे अधिकारी ‘हा अजून पूर्ण बरा नाही’ असा अर्थ काढू शकतो. आपण डॉक्टरांना आपल्या कामाचे खरे वर्णन सांगा : दिवसभर टेबलावर बसून काम आहे की गठ्ठे उचलावे लागतात, जिने किती चढावे लागतात, दौरे असतात का. ते ऐकून आपण हे काम करू शकता असे त्यांचे प्रामाणिक मत असेल, तर त्यांनी नमुना 5 विनाअट भरून द्यावा. थोड्या काळासाठी काही जपणूक हवी असेल, उदाहरणार्थ सहा आठवडे वजन उचलू नये, तर ती त्यांनी वेगळ्या कागदावर मुदतीसह लिहावी आणि त्या आधारे आपण कामाच्या वाटपासाठी वेगळी विनंती करावी. मात्र ते काम आपल्याला झेपणार नाही असे डॉक्टरांना वाटत असेल, तर पगार थांबला आहे म्हणून त्यांच्याकडून विनाअट प्रमाणपत्र मागू नका. तसे केल्यास पाठीला इजा होण्याचा धोका आहेच, शिवाय पुढच्या वेळी आपल्या कोणत्याच प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला जाणार नाही. अशा वेळी रजा वाढवून मागणे हाच योग्य मार्ग आहे. आणि शस्त्रक्रियेनंतर कायमचे अपंगत्व उरले असेल तर प्रकरण वेगळ्या कायद्याखाली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20(4) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून काढायचे नाही किंवा पदावनत करायचे नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचे असते.

प्रमाणपत्रावरील तारखेबाबतही सावध राहा. नव्या नमुन्यावर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणीची तारीखच घालायला हवी. 13 एप्रिलची मागची तारीख घालून घेऊ नका, कारण मागील तारखेचे प्रमाणपत्र सादर करणे हा स्वतंत्र शिस्तभंगाचा विषय होऊ शकतो. डॉक्टरांकडे एप्रिलच्या तपासणीची नोंद असेल, तर ‘यापूर्वी अमुक तारखेस तपासून कामावर जाण्यास हरकत नसल्याचे कळवले होते’ असे ते त्या नोंदीच्या आधारे वेगळ्या पत्रात लिहू शकतात आणि ते पूर्णपणे खरे असेल. 12 एप्रिलच्या रविवारची काळजी करू नका. वैद्यकीय रजेनंतर तंदुरुस्त ठरल्याच्या दिवसाला लागून येणारी सुट्टी रजेला आपोआप जोडली जाते.

नमुना 5 हातात आला की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी रुजू अहवालासह कार्यालयात जा. रुजू अहवाल दोन प्रतींत असावा आणि त्याचा मजकूर साधारण असा ठेवा : ‘मी 1 डिसेंबर ते 11 एप्रिल या कालावधीत मंजूर वैद्यकीय रजेवर होतो. 13 एप्रिल रोजी तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासह मी कामावर हजर झालो असता ते प्रमाणपत्र स्वीकारण्यात आले नाही व मला तोंडी परत पाठवण्यात आले. त्यानंतरही मी दोन वेळा हजर झालो. आज विहित नमुन्यातील प्रमाणपत्र मूळ स्वरूपात सादर करून मी रुजू होत आहे. रुजू करून घेण्यास अडचण असल्यास तिचे कारण लेखी कळवावे आणि सरकारी वैद्यकीय मत आवश्यक वाटत असल्यास त्यासाठी आजच पत्र द्यावे.’ ज्या तीन तारखांना आपण गेलात त्या सर्व लिहा. मूळ प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्याची प्रत ठेवा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्या. आवक लिपिकाने नकार दिला तर तेथे भांडत बसू नका. त्याच दिवशी तोच संच पोचपावतीसह स्पीड पोस्टने कार्यालयप्रमुखाला आणि रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवा, तसेच कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही द्या. टपालाने पाठवताना मूळ प्रमाणपत्राऐवजी प्रत जोडा आणि ‘मूळ प्रत प्रत्यक्ष सादर करण्यास तयार आहे’ असे लिहा.

राहिला मधल्या चार आठवड्यांचा प्रश्न. नियम 25 नुसार मंजूर रजा संपल्यावर, मुदतवाढ मिळालेली नसताना, गैरहजर राहणाऱ्याला त्या दिवसांचे रजावेतन मिळत नाही आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी शिस्तभंगास पात्र ठरते. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द येथे निर्णायक आहे. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, परवानगीविना असलेली प्रत्येक गैरहजेरी हेतुपुरस्सर ठरत नाही. आजारपणासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने ती होऊ शकते आणि तिच्यामागचा हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. दारापर्यंत येऊन परत पाठवलेल्या माणसाच्या बाबतीत तसा हेतू सिद्ध करणे कठीण आहे, पण आपण आला होता हे आधी दिसले पाहिजे. त्या दिवसांत साहेबांना किंवा सहकाऱ्यांना पाठवलेले संदेश, प्रवेशद्वारावरील नोंदवहीतील नोंद, डॉक्टरांचे एप्रिलमधील मूळ प्रमाणपत्र हे सर्व जपून ठेवा.

या कालावधीसाठी वेगळा अर्ज करा आणि त्यात मागण्यांचा क्रम काटेकोर ठेवा. पहिली मागणी अशी की, आपण हजर असूनही कार्यालयाने रुजू करून घेतले नाही, म्हणून हा काळ कर्तव्यकाळ मानावा. दुसरी, ‘माझ्या वरील हक्कास बाधा न येता’ असे शब्द घालून, पर्यायी मागणी अशी की ते मान्य नसल्यास माझ्या खाती शिल्लक असलेली रजा मंजूर करून हा काळ नियमित करावा. पर्यायी असे न लिहिता थेट रजेचाच अर्ज दिला, तर आपण स्वतःच कामावर यायला तयार नव्हतो असा अर्थ त्यातून काढला जातो. पहिली मागणी पूर्ण मान्य होईल अशी खात्री मी देणार नाही, कारण एप्रिलमधले प्रमाणपत्र विहित नमुन्यात नव्हते. मात्र नमुना 5 सादर केल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाबाबत आपली बाजू बरीच भक्कम राहील.

लेखी निवेदनावर निर्णयच आला नाही, तर प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 नुसार सहा महिने वाट पाहून पुढील एका वर्षाच्या आत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांसाठी मुंबई खंडपीठ आहे. लेखी नकार आला तर त्या आदेशापासून एक वर्ष मोजले जाते. दरम्यान गैरहजेरीबद्दल ज्ञापन किंवा आरोपपत्र हाती पडले, तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या आणि ते लिहिण्यापूर्वी सर्व कागद घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटा.