काच खाली केली तरी मागच्या सीटवरचं मूल धूर ओढतंच

मुलांच्या छातीच्या विकारांवर उपचार करताना दवाखान्यात आणि पत्रांतूनही एकच वाक्य वारंवार कानी येतं: ‘त्याच्यासमोर कुणी ओढत नाही.’ म्हणून आलेल्या प्रश्नांतले सहा निवडून त्यांची उत्तरं देतो आहे.

सिगारेटच्या धुरात निकोटीन सोडून आणखी काय असतं? घरच्यांना त्यातलं कितीसं मिळतं?

निकोटीन व्यसन लावतं. बाकीचं बरंचसं नुकसान ज्वलनातून निघणाऱ्या पदार्थांमुळे होतं. या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. कार्बन मोनॉक्साईड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, अमोनिया, कॅडमियम ही त्यातली काही नावं.

झुरका घेताना सिगारेटचं टोक नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात ते नुसतं धुमसतं, तापमान उतरतं आणि ज्वलन अर्धवट राहतं. ओलं लाकूड घातलेली चूल आठवा: ज्वाळा नसते तेव्हाच डोळे जास्त झोंबतात. धुमसणाऱ्या टोकाच्या धुरात अमोनिया, कार्बन मोनॉक्साईड आणि नायट्रोसमाइन्स नावाचे कर्करोगकारक पदार्थ, हे सगळे ओढणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या धुरापेक्षा जास्त निघतात. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला येणाऱ्या धुरात सुमारे ८५ टक्के धूर या टोकाचा असतो. ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला धूर उरलेला १५ टक्के.

मी फिल्टरवाली, ‘लाइट’ ओढतो. मग मुलांना त्रास कमीच ना?

नाही. फिल्टर तुमच्या ओठांकडे असतो आणि जळतं टोक मुलाकडे. ‘लाइट’ हा शब्द विक्रीसाठी होता. भारतात पाकिटावर असे शब्द छापायला कायद्याने मनाई आहे.

मी गाडीत ओढतो, पण काच खाली असते आणि मुलगा मागे बसतो. तरी त्याला बाधतं का?

बाधतं. याचं उत्तर सविस्तर देतो, कारण कारण न सापडलेला खोकला पुष्कळदा गाडीतून आलेला असतो.

आधी हिशेब पाहू. एक सिगारेट साधारण दहा मिलिग्रॅम अतिसूक्ष्म कण हवेत सोडते. हे कण पीएम २.५ म्हणून ओळखले जातात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत ते पसरले, तर दर घनमीटरला सुमारे तीनशे मायक्रोग्रॅम होतात. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा साठ आहे. गाडीच्या आत जेमतेम तीन घनमीटर हवा असते. काचा बंद असतील तर हाच आकडा तीन हजारांवर जातो. काच उघडली की तो उतरतो, पण शून्य होत नाही. सिग्नलला गाडी थांबली की धूर आतच घोटाळतो. एसी ‘आतली हवा फिरवा’ यावर असेल तर तोच धूर पुन्हा पुन्हा मुलाच्या तोंडासमोर येतो.

आता मुलाचं शरीर. मोठा माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, तीन वर्षांचं मूल पंचवीस-तीस. वजनाच्या मानाने ते तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. तान्ह्या बाळाची श्वासनलिका चार मिलिमीटर रुंद धरा. आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की वाटेचा फक्त चौथा हिस्सा उरतो. मोठ्या माणसाच्या सोळा मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली, तरी तीन चतुर्थांश वाट मोकळी राहते. शिवाय धुरातलं अ‍ॅक्रोलीन श्वासमार्गातले कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतं. मग कफ साचतो, जंतू टिकतात, कानाची नळी बंद होते. न्यूमोनिया, कानातून पू, दम्याचे झटके ही सगळी त्याचीच रूपं आहेत. आणि मूल सीटबेल्टमध्ये अडकलेलं असतं, उठून बाहेर जाऊ शकत नाही.

माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला होता. जून ते नोव्हेंबर चार वेळा धाप, दोनदा कान फुटलेला. धूळ, गादी, मांजर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. घरात कुणी ओढत नव्हतं. सुट्टीत आजोळी मात्र तो ठणठणीत असायचा. तिथे मी थांबलो आणि रोजचा दिवस तासातासाने सांगायला लावला. बाबा रोज पंचवीस मिनिटं त्याला गाडीतून बालवाडीत सोडत आणि वाटेत एक ओढत. गाडीतली सिगारेट कायमची बंद केली, सीट आणि चटया धुतल्या, औषध तेच ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात एकदाच धाप लागली. केवळ धूर बंद झाल्यानेच हे झालं, असं एका मुलावरून मी म्हणणार नाही. पण तुमच्या मुलाची धाप घरी वाढते आणि गावी कमी होते, असं दिसलं तर ते बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालचं मूल आत असताना गाडीत धूम्रपानाला बंदी केली. आपल्याकडे २००८ पासूनची बंदी सार्वजनिक जागांसाठी आहे, तुमची गाडी तुमच्यावर सोडलेली आहे.

दुकानदार म्हणतो, एअर प्युरिफायर लावा, मग घरात ओढा. घेऊ का?

त्या कामासाठी घेऊ नका. चांगला फिल्टर कण पकडतो, कार्बन मोनॉक्साईड पकडत नाही, आणि मूल यंत्रापेक्षा तुमच्या जवळ असतं. सुगंधी फवारे फक्त वास झाकतात. हे सांगून माल विकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यानंतर घरात बिनधास्त ओढलं जातं.

मी बाल्कनीत ओढून येतो. तेवढं पुरे ना?

घरात ओढण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. दाराच्या फटीतून धूर आत येतो. निकोटीन कपड्यांत, पडद्यांत, गादीत बसतं, हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून त्यातूनच नायट्रोसमाइन्स तयार होतात, आणि रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. बाळाला घेण्याआधी शर्ट बदला, हात-तोंड धुवा. सोडायचंच असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे. निकोटीनचं च्युइंगम वा गोळी घेण्याआधी मात्र डॉक्टरांशी बोला आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बाळ चार महिन्यांचं आहे, छाती घरघरते. सासूबाई ओव्याची धुरी द्या म्हणतात. आठवडाभर वाट पाहावी का?

वाट पाहू नका आणि धुरी अजिबात देऊ नका, तोही धूरच आहे. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना बाळाजवळ बसवा आणि श्वास मोजायला सांगा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आकडा कमी आला तरी चार महिन्यांच्या बाळाची घरघर एकदा तपासून घ्याच. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या. आणि घरात कोण, कुठे, किती ओढतं हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा.