महागाईवरचा देखावा आणि 6-6-6-4 चा हिशोब

प्रश्न: आमच्या मंडळाचा यंदा महागाईवर जिवंत देखावा आहे. विडंबनाच्या कविता मी लिहायच्यात. लोक हसले पाहिजेत पण राजकारण नको असं अध्यक्षांनी बजावलंय. कशा लिहू?

मी पुण्यात पेठेतल्या एका मंडळासाठी बरीच वर्षं देखाव्याची संहिता लिहितोय, त्यातली काही वर्षं महागाईच होती, त्यामुळे जे करून बघितलंय तेच सांगतो.

आधी छंद ठरवा, विनोद नंतर. बहुतेक जण सिनेमाच्या गाण्याचं विडंबन करतात, नाहीतर आरतीचं. आरतीला हात लावू नका, मंडपात मूर्तीसमोर आरतीचे शब्द फिरवलेले जुन्या लोकांना खरंच लागतात आणि त्यांचं लागणं बरोबरच आहे. मी वासुदेव घेतो. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या, असा माणूस स्टेजवर आला की काहीही न सांगता लोकांना कळतं की हा आता दारोदार दान मागणार, आणि महागाईत दान मागणं हीच आपोआप गंमत होते. दुसरा फायदा म्हणजे आवाज रेकॉर्डेड असतो आणि ओठ हलवायचे असतात, तर गाणारा एकच वासुदेव असेल तर एकाच पोराला पाठांतर करावं लागतं, बाकीच्यांनी नुसता अभिनय करायचा.

त्याच्या तोंडी मोठा अभंग द्या. पहिले तीन चरण 6-6 अक्षरांचे, चौथा 4 अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळवायचं. हरिपाठाची चाल हीच, त्यामुळे समोरच्या अर्ध्या गर्दीच्या कानात ती आधीपासून असते, आपण फक्त साचा घ्यायचा, शब्दांना हात लावायचा नाही. विनोदासाठी हा साचा एवढा चांगला आहे कारण तीन चरण सरळ चालतात आणि चौथा एकदम तोकडा पडतो, त्या तोकड्या जागेत पंच बसतो. हा बघा:

कढईने केला
तेला नमस्कार
म्हणे थेंब चार
पुरे देवा

मोजा, 6-6-6-4 आहे. जोडाक्षर एकच धरायचं. मी पहिल्यांदा "तेलाला नमस्कार" लिहिलं होतं, वाचताना काहीच खटकलं नाही, पण स्टुडिओत पखवाजवाला दरवेळी तिथेच अडखळायचा. शेवटी बोटांवर मोजलं तेव्हा 7 निघाली. त्यामुळे आता टाळी वाजवत मोठ्याने म्हटल्याशिवाय एकही कडवं पक्कं करत नाही, जिथे जीभ घाई करते तिथे एखादं अक्षर जास्त आहे असं समजायचं.

आता राजकारणाचं. नुसती नेत्यांची नावं टाळली की झालं असं वाटतं पण तसं नसतं. आमच्या पोरांनी सिलिंडरवर एक झकास कडवं केलं होतं, त्यात कुणाचंच नाव नव्हतं, तरी तालमीला बघायला आलेले दोघं लगेच एकमेकांशी भांडायला लागले की कुणाच्या काळात किती होता. सिलिंडर, पेट्रोल, वीजबिल, टॅक्स या गोष्टींचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो "हे कोणी केलं", आणि तो आला की हसू गेलं. कोथिंबीर, नारळ, चहा, तेल यांचं नाव काढलं की प्रश्न येतो "आता भागवायचं कसं", त्यात सगळे एका बाजूला असतात. मी प्रत्येक कडव्याला हीच परीक्षा लावतो, म्हणजे घरातल्या चार जणांना ऐकवायचं आणि पहिलं वाक्य काय बोलतात ते ऐकायचं. कुणावर बोट गेलं की ते कडवं बाहेर. ते सिलिंडरचं कडवं असंच गेलं, चांगलं होतं तरी गेलं.

टोमणा माणसाला नको, वस्तूला द्या, हे त्याच्याच पुढचं. खर्चिक बायको, चिंगूस नवरा, भाव वाढवणारी भाजीवाली, हे सगळं जुनं झालंय आणि ती भाजीवाली समोरच्या फुटपाथवर बसून आपला देखावा बघत असते. त्यापेक्षा कढई बोलू दे, मोदक बोलू दे, उंदीर येऊ दे. उंदीर तर आपल्याकडे हक्काचा:

उंदराने केली
डब्यांची पाहणी
डोळां आले पाणी
परतला

हे म्हणत असताना एक छोटा मुलगा उंदीर होऊन डबे उघडतो, शेवटच्या डब्यात अख्खं तोंड घालतो आणि "परतला"वर मागे न बघता निघून जातो. मोदकाचं मी 2025 ला केलं, त्या वर्षी नारळ फार चढला होता:

नारळ महाग
सारण ते थोडं
मोदकाला कोडं
फुगू कसा

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला 2023 ला कळलं. जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला होता, घरोघर तोच विषय, आम्ही अख्खा देखावा टोमॅटोवर लिहिला. टोमॅटोला देव्हाऱ्यात बसवलेला, बाजूला दोन पहारेकरी, वासुदेव म्हणतो

टोमॅटो बसला
देव्हाऱ्यात आज
पाहा त्याचा साज
हात जोडा

जुलैअखेर रेकॉर्डिंगही झालं. पण त्या वर्षी अधिक श्रावण होता, गणपती थेट 19 सप्टेंबरला बसले, आणि मधल्या दिवसांत टोमॅटो असा कोसळला की शेतकरी रस्त्याकडेला ओतून द्यायला लागले. पहिल्याच रात्री शो संपल्यावर गर्दीतला एक माणूस स्टेजजवळ आला, जुन्नरकडचा होता, शांतपणे म्हणाला, "दादा, देखावा चांगला आहे, पण मी परवा वीस क्रेट ओतून आलोय." रागावला नाही, एवढंच बोलून गेला. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण चूक माझीच होती, मी एका भाजीच्या एका महिन्याच्या भावावर सगळं उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच स्टुडिओत जाऊन एक कडवं वाढवलं:

शेतात मिळाला
मातीमोल भाव
मंडईत राव
शेठ झाला

यात शेठ टोमॅटोच आहे, कुठला व्यापारी नाही, पण शेतात काय मिळतं हे त्यात आलं. या कडव्याला लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे, ते गप्प होणं मला हवंच होतं. तेव्हापासून महागाईच्या देखाव्यात शेतकऱ्याचं एक कडवं असल्याशिवाय मी संहिता देत नाही.

त्यातून दोन सवयी लागल्या. एक म्हणजे भाजीचं नाव बदलता येईल अशी जागा ठेवायची. "टोमॅटो बसला" मध्ये टोमॅटो तीन अक्षरी आणि पुल्लिंगी आहे, तिथे लसूण, शेवगा, मटार काहीही बसतं, बाकी एक शब्दही बदलावा लागत नाही. 2024 ला लसूण किलोला तीनशेच्या वर गेला होता, तेव्हा हीच ओळ लसणाची केली. कोथिंबीर मात्र बसत नाही, चार अक्षरं आणि स्त्रीलिंगी, म्हणजे "बसला"सुद्धा बदलावं लागेल. हे कडवं वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि तीन भाज्यांची तीन रेकॉर्डिंग आधीच घेऊन ठेवा, पुन्हा स्टुडिओ बुक करायचा खर्च वाचतो.

दुसरी म्हणजे कडव्यात आकडा कधीच घालायचा नाही. आकडा हातगाडीवरच्या पाटीवर. आमच्या देखाव्यात स्टेजवर खरी हातगाडी असते, तिच्यावर काळी पाटी, एक पोरगा रोज दुपारी मंडईत जाऊन भाव विचारून येतो आणि संध्याकाळी खडूने लिहितो. लोक शो सुरू व्हायच्या आधीच पाटी वाचून आपापसात बोलायला लागतात, "अगं आमच्याकडे तर दहा रुपये जास्त आहे", तिथूनच देखावा सुरू झालेला असतो.

आता लांबीचं बघा. लोक रस्त्यात उभे असतात, कडेवर पोरं असतात, त्यामुळे 8 मिनिटांच्या वर जाऊ नका. संध्याकाळी 7 ला सुरू केलं आणि 10 ला स्पीकर बंद करायचा धरला तर 8 मिनिटं शो आणि 4 मिनिटं गर्दी हलायला, असे 15 शो होतात. 8 मिनिटांत दहा-अकरा कडवी पुरतात, जास्त नको. पहिलं कडवं विनोदी ठेवूच नका, तेव्हा लोक जागा पकडत असतात, ऐकायलाच जात नाही, त्यात नुसती वासुदेवाची ओळख द्या. आणि पंचनंतर लगेच पुढचं कडवं नको, हसण्यात ते बुडतं. आम्ही असं करतो की वासुदेव तीन चरण म्हणतो, मागचे टाळकरी तेच तीन परत म्हणतात, मग टाळ थांबतो, मग चौथा चरण एकट्या वासुदेवाचा, आणि त्याच्यानंतर दोन आवर्तनं नुसते टाळ. परत म्हटल्यामुळे लांब उभ्या असलेल्यांनाही शब्द कळतात, नाहीतर पुढचे हसतात आणि मागचे "काय म्हणाला काय म्हणाला" करत बसतात.

शेवटच्या कडव्याला वासुदेव मूर्तीकडे वळतो, झोळी उलटी करून दाखवतो, त्यातून फक्त दुर्वांची जुडी पडते. ती तो उचलतो, बाप्पाच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो

बाप्पा म्हणे जुडी
दुर्वांचीच गोड
मोदकाची ओढ
उद्या पाहू