परीक्षेचं गाऱ्हाणं, पण मार्कांचं नाही

"टीचर, मुलगी बारावी सायन्सला आहे. रोज देवापुढे बसून प्रार्थना करते, पण उठते ती आधीपेक्षा जास्त घाबरून, हात गार पडतात. प्रार्थना बंद करायला सांगू का?"

बंद करू नका. आधी ती देवाला नेमकं काय सांगते ते ऐका, बरेचदा घोळ तिथेच असतो.

माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती (ओळख पटेल असं काही सांगत नाही), गोव्यात फोंड्याच्या बाजूची, बोर्डाच्या परीक्षेला महिनाभर होता. घरच्यांनी देवळात कौल लावला होता, मूर्तीला पाकळ्या लावून विचारलं की हिला 90 टक्के पडतील का, आणि पाकळी पडली डावीकडची. डावा कौल म्हणजे देव नाही म्हणाला, झालं, तेव्हापासून पुस्तक उघडलं की रडू. मी कौल खरा की खोटा या वादात गेलेच नाही, तो माझा प्रांत नाही. आईला एवढंच म्हटलं की रिझल्ट लागेपर्यंत मार्कांसाठी कौल लावू नका, आणि नवस बोललाच असाल तर तो तुमच्याकडेच ठेवा, मुलीच्या कानावर घालू नका.

मग मुलीला म्हटलं, तुझी रोजची प्रार्थना मोठ्याने म्हण. "देवा, 90 च्या वर पडू दे, फिजिक्स सोपा येऊ दे, माझी भीती घालव." आता बघा, 90 मागताना दर वेळी 90 नाही पडले तर काय हेही मनात येणारच, म्हणजे दिवसातून चार वेळा ती देवासमोर बसून नापास व्हायची प्रॅक्टिस करत होती. आणि "भीती घालव" हे तर सगळ्यात वाईट, कारण भीती लगेच जात नाही, मग वाटतं देवाने ऐकलंच नाही. पेपरच्या सकाळी छाती धडधडणारच की, ते शरीराचं काम आहे.

तिच्या आजोबांना देवापुढे गाऱ्हाणं घालायची सवय होती, ते एक-एक वाक्य बोलणार आणि बाकी घर "होय महाराजा" म्हणणार. तोच साचा घेतला, शब्द तिने आणि मी मिळून बसवले, पहिली ओळ आजोबांनी दुरुस्त केली:

बा देवा महाराजा, आज तुझं लेकरू पेपराला बसतंय. होय महाराजा.
छाती धडधडली तर धडधडू दे, हात लिहिता राहू दे. होय महाराजा.
वाचलंय ते मांडू दे, नाही आठवलं तर तो प्रश्न सोडून पुढे जायची बुद्धी दे. होय महाराजा.
पेपर कसाही गेला तरी घरी येऊन जेवेन आणि पुढचं पुस्तक उघडीन, तेवढं बळ दे. होय महाराजा.

खरी गंमत "होय महाराजा"त आहे. ओळ संपली की नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना ते सावकाश, लांबवत म्हणायचं, म्हणजे सोडणं घेण्यापेक्षा लांब होतं आणि तेव्हा हृदयाचे ठोके जरा हळू पडतात. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं, बस. पण हे पहिल्यांदा परीक्षेच्या गेटवर करून उपयोग नाही, आधी शांत वेळी संध्याकाळी दिवा लावताना म्हणायचं, मग घरी घड्याळ लावून जुना पेपर सोडवायच्या आधी. हॉलमध्ये फक्त दुसरी ओळ, मनातल्या मनात, एक श्वास.

आईचं काम फक्त "होय महाराजा" म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी शेवटी हळूच "आणि 90 च्या वर" जोडलं, मुलीने असं काही बघितलं की पुन्हा हिंमत नाही झाली 😄

पहिल्या पेपराला ती घाबरलीच. फिजिक्सला एका डेरिव्हेशनवर ब्लँकही झाली, पण ते सोडून पुढचे प्रश्न लिहिले आणि शेवटी परत येऊन अर्धं उतरवलं. आधी प्रिलिमला अशाच जागी ती वीस मिनिटं रडत बसली होती. या प्रार्थनेने न वाचलेला धडा येत नाही, तेवढं मात्र तिलाही स्पष्ट सांगितलं होतं. ख्रिस्ती, मुस्लिम मुलं आपापल्या शब्दांत म्हणतात, मागणं फक्त हॉलमध्ये आपल्या हातात असेल तेवढंच ठेवायचं.

एकाकडे लक्ष ठेवा. शब्द चुकला म्हणून मुलगी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, ठराविक वेळा म्हटलं नाही तर पेपर वाईट जाईल असं वाटायला लागलं, दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायला लागला, तर ती प्रार्थना राहिली नाही, ते वेगळंच दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. तसंच झोप उडाली, जेवण सुटलं तर बांबोळीच्या मानसोपचार हॉस्पिटलात दाखवा. आणि "मी नसते तर बरं" असं बोलली तर परीक्षा संपायची वाट बघू नका, तिला एकटं सोडू नका, टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, त्याच क्षणी लावा.