पप्पा रात्री तीनदा उठले

मावशी, मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत राहतो, वय २४, घरूनच जॉब. आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे म्हणून महिनाभर स्वयंपाक माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी मोबाईलवर रेसिपी बघून तांबडा रस्सा केला. त्यात मीठ दीड tsp लिहिलं होतं, मी ते टेबलस्पून समजलो आणि पोह्याच्या चमच्यासारखा मोठा मापाचा चमचा दीड वेळा भरून घातला. आधी आई-पप्पांना वाढलं, मी शेवटी बसलो आणि पहिल्याच घासाला कळलं. आई म्हणाली छान झालंय. पप्पांनी दोन वाट्या रस्सा घेतला. त्यांना बीपीची गोळी चालू आहे. रात्री ते तीनदा पाणी प्यायला उठले, आता उन्हाळाच तसा आहे. मला मात्र लई लाज वाटतेय. परत किचनमधे जाऊ का आई बरी होईपर्यंत डबा लावू?

उत्तर

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या उन्हाळ्यावर अडकले. उन्हाळा काय त्या एकाच रात्री आला होता का? शनिवारी उठले होते पप्पा तीनदा? सोमवारी उठले? तूच आठवून बघ. पत्रभर तू चमच्याबद्दल लिहिलंस आणि खरी गोष्ट एका ओळीत उन्हाळ्यावर ढकलून मोकळा झालास.

मीठ जास्त गेलं की रक्तातलं सोडियम वाढतं, ते पातळ करायला शरीर पाणी मागतं, म्हणून तहान. प्यालेलं ते पाणी मग अंगात धरून ठेवलं जातं, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं आणि त्याच नळ्यांतून जास्त रक्त ढकलायचं म्हटल्यावर दाब वाढतो. ज्याचं बीपी ठीक आहे त्याचं शरीर हे दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक निस्तरतं, पण पप्पा ज्या दाबासाठी रोज गोळी घेतात त्याच दाबावर हा भार पडला.

आता किती मीठ होतं ते बघू, कारण तू 'जास्त' एवढंच म्हणतोयस. टीस्पून म्हणजे ५ मिली आणि टेबलस्पून १५ मिली, म्हणजे सरळ तिप्पट. आपल्या नेहमीच्या बारीक मिठाचा सपाट टीस्पून साधारण ६ ग्रॅम भरतो. रेसिपीला दीड टीस्पून म्हणजे ९ ग्रॅम हवं होतं, तू घातलंस २७. अर्धा किलो मटणाला दीड लिटरच्या आसपास रस्सा धरला तर दोन वाट्यांत, म्हणजे ३०० मिलीत, पाच ग्रॅमच्या वर मीठ गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. पप्पांचा दिवसाचा कोटा नुसत्या रश्श्यात संपला, मटणाच्या फोडी आणि सकाळचा नाष्टा वेगळाच.

आणि हे चटणी न धरता हं. तू चटणी कुठली घातलीस ते लिहिलं नाहीस पण कोल्हापुरात घरात कांदा-लसूण चटणीच असणार, ती डंकावरून कुटून आणताना टिकावी म्हणून तिच्यात मीठ घातलेलंच असतं. मोबाईलवरच्या रेसिपीत 'लाल तिखट' लिहिलेलं असतं आणि त्यात मीठ नसतं, म्हणून आपली चटणी वापरली की रेसिपीतलं मीठ थोडं कमी करावं लागतं हे तिथं कुणी सांगत नाही. शिवाय मटण शिजवताना हळद-मीठ लावून अळणी काढतो तेव्हा एकदा मीठ जातं आणि शेवटी रश्श्यात परत एकदा. म्हणजे एका पातेल्यात मीठ तीन वाटांनी येतं. तुझा चमचा बरोबर असता तरी रस्सा थोडा चढाच झाला असता.

चमच्याची चूक मी फार मोठी धरत नाही. tsp मधे टेबलही दिसतं आणि स्पूनही दिसतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते टेबलस्पूनच वाटणार. मोठ्याला tbsp लिहितात, मधे b असतो, ते एकदा डोक्यात बसलं की बसलं. तरी घरातले चमचे एकदा मोजून घे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं टोपण येतं त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात, ते धुऊन घे, ५ पर्यंत पाणी भर आणि चहाच्या चमच्यात ओत. काठोकाठ बसलं तर तो तुझा टीस्पून. पोह्याचा चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो, तो टेबलस्पून आहे असं डोळे झाकून धरू नको, त्यातही टोपणानं पाणी ओतून बघ. आणि मीठ घेताना सुरीच्या पाठीनं वरचा ढीग उतरव, शीग लावून घेतलेला एक चमचा सहज दीड-दोन चमच्यांचा होतो.

पण मला राग आलाय तो तुझ्या आई-पप्पांचा.

तुला वाटतंय ते बिचारे गप्प राहिले, किती समजूतदार. मला तसं वाटत नाही. तुझ्या आईनं आयुष्यभर त्या घरात मीठ घातलंय, पहिल्या घोटाला तिला कळलं असणार, आणि समोर बीपीचा माणूस दुसरी वाटी घेतोय हे बघूनही ती 'छान झालंय' म्हणाली. पप्पांनीही पोराचं मन राखायला दुसरी वाटी मागितली. हे प्रेम आहे हे मला कळतं, पण ह्या प्रेमानं तुला काय शिकवलं? काहीच नाही. तू शेवटी जेवलास म्हणून तुला कळलं, नाहीतर पुढच्या रविवारी तू परत तोच चमचा उचलला असतास आणि पप्पांनी परत दोन वाट्या संपवल्या असत्या, आणि रात्री परत उन्हाळा.

माझं लग्न झालं त्या वर्षी मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं, एकदा डाळीत आणि एकदा फोडणीनंतर. सासऱ्यांनी मान खाली घालून भात कालवला आणि खाल्ला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, म्हणाल्या, 'खारट झालंय, अर्धी काढून ठेव, बिनमिठाची डाळ शिजव आणि त्यात घाल.' मी रडले. पण त्या दिवशी त्यांनी मला शेजारी उभं केलं, डाळ शिजेपर्यंत दर थोड्या वेळानं पळीतलं दोन थेंब तळहातावर घ्यायला लावलं आणि विचारलं, 'आता कसंय? आता?' मिठाचा हात मला त्या दुपारी आला. सासरे खूप प्रेमळ होते, पण त्यांच्याकडून मी स्वयंपाकातलं काही शिकले नाही.

त्यांनी सांगितलेला उपाय आजही तोच आहे. खारट रश्श्यात बटाटा टाक असं तुला दहा जण सांगतील. बटाटा रश्श्यातलं खारं पाणी पितो, मीठ तेवढं वेचून घेत नाही, म्हणून उरलेला रस्सा होता तितकाच खारट राहतो. लिंबू नाहीतर गूळ घातला की जिभेला कमी लागतं, पण मीठ पातेल्यात तेवढंच असतं, आणि तुझ्या घरात तर हे जास्तच वाईट, कारण पप्पांना कळणारही नाही आणि ते आणखी खातील. मीठ फक्त पातळ होतं. तुझ्यासारखं तिप्पट गेलं असेल तर रस्सा तिप्पट करावा लागेल, एवढं पातेलं तुमच्या घरात नसेल. म्हणून एक तृतीयांश रस्सा ठेवायचा, बाकी काढून फ्रीजरमधे टाकायचा, ठेवलेल्यात दुप्पट गरम पाणी, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं बिनमिठाचं वाटण आणि रंगापुरती चटणी. फोडी आतून खारट राहतातच, त्या पप्पांना कमी वाढायच्या.

आता तू डबा लावायचं विचारतोयस. नाही लावायचा. डब्यातल्या भाजीत किती मीठ असतं ते तुला कुणी सांगणार नाही, आणि पप्पा तिथंही गप्प बसून खातील.

तू एकच काम कर. आज रात्री जेवण झालं की पप्पांच्या समोर बस आणि विचार, 'रविवारचा रस्सा खारट होता ना?' ते म्हणतील नाही रे, चांगला होता. तू उठू नको. त्यांना सांग की मीठ तिप्पट पडलं होतं, तुम्ही रात्री तीनदा उठलात, मी ऐकत होतो. आणि ते 'होय, खारट होता' असं तोंडानं म्हणेपर्यंत तिथनं हलू नको. आई मधे पडेल, पडू दे, तिलाही तेच विचार. हे तीन शब्द त्या घरात एकदा बोलले गेले पाहिजेत, त्याशिवाय तू घातलेलं मीठ बरोबर आहे का चूक हे तुला कळायला रस्ताच नाही.

(बीपी दोन-तीन दिवस सकाळी मोजून लिहून ठेव, गोळी स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नको. आकडा नेहमीपेक्षा चढाच राहिला तर डॉक्टरांना दाखव, आणि दम लागला, छातीत दुखलं किंवा पाय सुजले तर मोजत बसू नको, लगेच घेऊन जा.)

मग येत्या रविवारी तोच तांबडा रस्सा परत कर. अळणीला अर्धा टीस्पून मीठ घाल, चटणी घाल, वाटण घाल, उकळी येऊ दे, आणि त्यापुढचं मीठ घालायच्या आधी आईला किचनमधे बोलव. उजवा हात प्लास्टरमधे असला तरी डावा मोकळा आहे, तळहातावर पळीतलं दोन थेंब घाल. ती चाखेल, आणि ती 'छान' म्हणाली तर मान्य करू नको, 'किती घालू' ते विचार.