स्टॉप बटण एनसी, लॅडरमध्येही एनसी: मोटर सुरू का होत नाही?

प्रश्न: पीएलसीवर मोटर स्टार्ट-स्टॉप करतोय. स्टॉपचं बटण एनसी आहे म्हणून लॅडरमध्येही एनसी कॉन्टॅक्ट टाकला. स्टार्ट दाबून मोटर सुरूच होत नाही. बटण बदलून एनओ लावू का?

उत्तर: बटण बदलू नका, लॅडरमधला कॉन्टॅक्ट बदला.

एनसी बटण न दाबता इनपुटला २४ व्होल्ट पोचत असतात, म्हणजे `I0.0` कायम १ असतो. लॅडरमधला एनसी कॉन्टॅक्ट बिट ० असतानाच पुढे जाऊ देतो, म्हणून तुमची लॅडरची ओळ तिथेच तुटते. खात्री करायची तर स्टॉप दाबून ठेवून स्टार्ट दाबा: मोटर चालेल, आणि स्टॉप सोडताच बंद पडेल. प्रोग्रॅमला बटणाची जात कळत नाही, फक्त बिट कळतो. म्हणून इथे एनओच हवा:

```
     I0.1     I0.0    I0.2    Q0.0
|--+--] [--+---] [-----] [-----( )--|
|  |       |
|  | Q0.0  |
|  +--] [--+
```

`I0.1` स्टार्ट, `I0.0` स्टॉप, `I0.2` ओव्हरलोड रिलेचा ९५-९६. खालचा `Q0.0` हा सील-इन. तो फक्त स्टार्टला समांतर घ्या. त्याची फांदी स्टॉपच्या पलीकडे जोडली, तर एकदा सुरू झालेली मोटर स्टॉपने थांबणार नाही.

आता बटण एनसीच का ठेवायचं, ते सांगतो. इथे वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी कन्व्हेयरचं पॅनल बघायला गेलो होतो. कुणीतरी स्टॉपला एनओ बटण लावून प्रोग्रॅममध्ये एनसी कॉन्टॅक्ट टाकला होता. रोज व्यवस्थित चालायचं. मग थरथरीने बटणामागचा स्क्रू सैल झाला आणि वायर निसटली. ऑपरेटर स्टॉप दाबत राहिला, पट्टा चालतच राहिला. शेवटी मेन एमसीबी पाडावा लागला. एनसी असतं, तर वायर निसटता क्षणी इनपुट ० झाला असता, सील-इन तुटला असता आणि मोटर आपोआप थांबली असती.

हे तुमच्या पॅनलवर तपासून बघा. मोटरचा पॉवर सप्लाय बंद ठेवा, कंट्रोलचा चालू. स्टार्ट दाबा, `Q0.0` चा दिवा लागेल. मग स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढा. दिवा विझलाच पाहिजे. वायर परत लावल्यावर, स्टार्ट दाबेपर्यंत तो लागता कामा नये.

एक सुधारणा मी नेहमी करतो. सील-इनला `Q0.0` ऐवजी कॉन्टॅक्टरचा १३-१४ एखाद्या इनपुटवर आणून तो वापरतो. नाहीतर कॉइलचा सप्लाय गेला आणि पीएलसी चालूच राहिला, तर `Q0.0` लागलेलाच राहतो आणि सप्लाय येताच मोटर न सांगता फिरते. दुरुस्तीसाठी कुणाचा हात आत असेल तेव्हा ते जिवावर बेतू शकतं.

इमर्जन्सी स्टॉप मात्र लॅडरच्या या ओळीत टाकून भागत नाही. तो कॉइलच्या सप्लायमध्ये थेट वायरनेच घ्या.