थोरल्याला आधी दिलेलं वाटणीत वजा होतं का?

प्रश्न : वकीलसाहेब, वडील गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्र केलेलं नाही. २०११ मध्ये त्यांनी थोरल्या भावाला फ्लॅटसाठी २० लाख रुपये दिले होते. 'हा तुझा हिस्सा तुला आधीच दिला' असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि त्यांच्या वहीतही तशी नोंद आहे. आता राहतं घर विकायचं ठरलंय, तर भाऊ पूर्ण चौथा हिस्सा मागतोय. आई, धाकटा भाऊ आणि मी असे बाकीचे तिघं. आधी दिलेली रक्कम कायद्याने त्याच्या हिश्श्यातून वजा होणार नाही का?

उत्तर : ताई, आधी कटू भाग सांगून टाकतो. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल, तर वजावट आपोआप होणार नाही. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, की हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६च्या कलम ८ आणि १० प्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली यांना प्रत्येकी एक समान हिस्सा मिळतो. वाटणी होते ती मृत्यूच्या दिवशी वडिलांच्या नावावर जे शिल्लक होतं त्याची. हयातीत कोणाला काय दिलं याचा हिशेब मांडायला हा कायदा सांगतच नाही. ख्रिश्चन कुटुंबांना लागू असणाऱ्या भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मध्ये तर कलम ४९ने स्पष्ट म्हटलंय की, मुलाला हयातीत दिलेले पैसे किंवा मालमत्ता त्याचा हिस्सा ठरवताना धरायची नाही. इंग्लंडमध्ये मात्र अशी रक्कम वाटणीत परत धरण्याचा नियम १९९५च्या कायद्याने रद्द होईपर्यंत चालू होता, आणि काही देशांत तो आजही आहे. 'हॉचपॉट' या नावाने त्याविषयी कुठे वाचलं असेल, तर ते तुमच्या घराला लागू नाही.

म्हणून 'वडील म्हणायचे' एवढ्यावर दावा लावलात, तर न्यायालय चार समान हिस्से पाडेल आणि मधली काही वर्षं हातची जातील. तरीही प्रकरण इथे संपत नाही. ते २० लाख नेमके कोणत्या स्वरूपात गेले, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्यासाठी वहीचं ते पान नीट पाहा.

त्या नोंदीखाली वडिलांची सही आहे का? आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का? असतील, आणि 'माझ्या पश्चात वाटणी करताना ही रक्कम थोरल्याच्या हिश्श्यातून वजा करावी' अशा अर्थाचा मजकूर असेल, तर ते पान मृत्युपत्र ठरू शकतं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रालाही लागू असणाऱ्या १९२५च्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांचं साक्षांकन लागतं. त्या साक्षीदारांनी वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं किंवा वडिलांनी त्यांच्याजवळ सही कबूल केलेली असावी. वहीच्या पानावर हे सगळं सापडणं दुर्मीळच, पण पान न पाहता वही माळ्यावर टाकू नका. नुसतीच नोंद असेल, तर ती वडिलांचं म्हणणं सांगते. भावाने काय कबूल केलं होतं, ते तिच्यातून सिद्ध होत नाही.

यानंतर भावाच्या बाजूचे कागद. वकील म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे देईन. फ्लॅटसाठी बँकेचं कर्ज काढलं असेल, तर स्वतःची रक्कम कुठून आणली हे बँकेने विचारलं असणार. अशा वेळी बहुधा वडिलांकडून भेटपत्र लिहून घेतलं जातं. ते निघालं, तर रक्कम देणगी होती हे जवळजवळ पक्कं होतं, आणि पूर्ण झालेली देणगी नंतर वाटणीत ओढून आणता येत नाही. उलट भावाच्या ताळेबंदात 'वडिलांकडून बिनव्याजी कर्ज' अशी नोंद दरवर्षी येत असेल, तर चित्र बदलतं. कर्ज असेल, तर वडिलांचं येणं हीसुद्धा त्यांची मालमत्ता, आणि तिच्यात तुम्हा चौघांचा हिस्सा. अडचण मुदतीची आहे. उसने दिलेले पैसे वसूल करायला साधारणपणे दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. २०११च्या पैशांची मुदत २०१४ मध्ये संपली, पण मुदत चालू असतानाच भावाने सही करून कर्ज कबूल केलं असेल किंवा काही रक्कम फेडल्याची लेखी नोंद असेल, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. ही साखळी आजपर्यंत न तुटता आलेली असायला हवी. घरच्या व्यवहारात अशी साखळी क्वचितच सापडते.

तिसरी शक्यता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पैसे घेताना भावाने 'माझा हिस्सा पोचला, पुढे घरावर हक्क सांगणार नाही' असं काही लिहून दिलं होतं का? वडील हयात असताना मुलाला त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हक्क नसतो, असते ती फक्त वारसा मिळण्याची आशा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(अ) प्रमाणे नुसत्या आशेचं हस्तांतरण होत नाही. त्यामुळे तेव्हाचं हक्कसोडपत्र हस्तांतरण म्हणून कुचकामी. पण मोबदला घेऊन, वडिलांना तसा विश्वास देऊन, नंतर फिरता येतं का, हा वेगळा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात एका मुस्लिम कुटुंबाच्या बाबतीत आणि २०२३ मध्ये एलुमलाई विरुद्ध कमला या हिंदू कुटुंबाच्या बाबतीत सांगितलं की, अशा माणसाला त्याचं स्वतःचं वागणंच आडवं येऊ शकतं. दुसऱ्या प्रकरणात एका मुलाने १९७५ मध्ये मोबदला घेऊन वडिलांना हक्कसोड लिहून दिली होती. तो वडिलांआधी वारला, आणि पुढे त्याच्या मुलांनी हिस्सा मागितला, तर तो त्यांना मिळाला नाही.

याचा आधार घ्यायचा तर भावाचाच शब्द हवा. त्याचं पत्र, ईमेल, संदेश, वडिलांच्या खात्यातून गेलेल्या चेकच्या पावतीवरचा शेरा, काहीही चालेल. वडिलांनी मृत्युपत्र करायचं सोडलं ते याच भरवशावर, हे दाखवता आलं तर बाजू आणखी भक्कम होते. सगळ्यांसमोर वडील बोलले आणि भाऊ गप्प बसला, एवढ्यावर मी खटला उभा करणार नाही. बापासमोर गप्प बसणं म्हणजे होकार, असं कोणतंही न्यायालय सहज मानत नाही.

एक गोष्ट मात्र आईला आजच विचारा. ते २० लाख आले कुठून? आजोबांकडून आलेली वडिलोपार्जित जमीन विकून आले असतील, तर वरचं बरंचसं बदलतं. तो पैसा एकट्या वडिलांचा नव्हता. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलगीही त्यात जन्मतः वाटेकरी आहे, आणि एकत्र कुटुंबाची रक्कम एका मुलाला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त देऊन टाकण्याची मोकळीक वडिलांना नाही. अशा वाटणीच्या दाव्यात 'याला आधीच पोचलंय' हा हिशेब न्यायालयापुढे मांडता येतो. विक्रीखत आणि जुने फेरफार काढून घ्या.

यातलं काहीच हाती लागलं नाही, तर उरते आपसातली तडजोड. कायदा वजावट करत नाही, पण चौघांनी मिळून ती करायची ठरवली तर कायदा आड येत नाही. समजा, घर विकून देणी भागवल्यावर ८० लाख हातात येतात. समान वाटणीत प्रत्येकाला २० लाख. आधीचे २० लाख धरले, तर एकूण १ कोटी आणि प्रत्येकाचा हिस्सा २५ लाख. भावाला २० पोचलेले, म्हणून त्याने आता ५ घ्यायचे आणि बाकीच्या तिघांनी प्रत्येकी २५. भाऊ म्हणेल, २०११चे २० लाख आणि आजचे २० लाख सारखे कसे? तुम्ही म्हणाल, त्याच पैशांच्या फ्लॅटची किंमत आज कितीतरी वाढली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण व्याज आणि बाजारभावाच्या फंदात पडलात की बोलणी मोडतात. मूळ रकमेवर, किंवा तिच्या अर्ध्यावरही तोडगा निघत असेल, तर घ्या. भावाच्या सहीशिवाय घर विकलं जाणार नाही, हेही लक्षात ठेवा.

तडजोड झाली, तर ती विक्रीच्या आधी कागदावर आणा. वारसांनी घर विकताना खरेदीदार सहसा प्रत्येकाच्या नावे वेगळा चेक देतो आणि विक्रीखतात त्या रकमा लिहिल्या जातात. २०-२०चे चार चेक घेऊन खताची नोंदणी झाली, की नंतर भावाकडून १५ लाख परत मागायला तुमच्याकडे काहीही उरत नाही. म्हणून विक्रीखतातल्या रकमा तडजोडीप्रमाणेच टाका. भाऊ काहीच घेणार नसेल, तर विक्रीआधी त्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेणं जास्त स्वच्छ. आता तो खरा मालक असल्याने हे हक्कसोडपत्र चालतं. तो चौथ्या हिश्श्याचा मालक राहून फक्त ५ लाख घेणार असेल, तर भांडवली नफ्याचा कर कोणाच्या नावे लागेल, हे कर सल्लागाराकडून आधी ठरवून घ्या.

भाऊ अजिबात ऐकत नसेल, तर आईचा हिस्सा आहे. तिचे २० लाख तिच्या पूर्ण मालकीचे, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे त्यांचं मृत्युपत्र ती हवं तसं करू शकते. तिने ते तुम्हा दोघांना दिले, तर शेवटी तुमच्याकडे प्रत्येकी ३० आणि भावाकडे ४० येतात. पूर्ण भरपाई नाही, पण दरी निम्म्यावर येते. तिने काहीच लिहून ठेवलं नाही, तर त्या २० लाखांतही थोरल्याचा तिसरा हिस्सा निघेल. मात्र हे पैसे आत्ताच तुमच्या नावावर करून घेऊ नका. तिच्या हयातीत ते तिच्याच हातात राहू द्या.

तिने थोरल्यालाही काही ठेवायचं म्हटलं, तर 'आधीचं धरून समान वाटावे' असं मोघम लिहू नका. मृत्युपत्राच्या बाबतीतही कायदा स्वतःहून वजावट करत नाही. १९२५च्या कायद्याचं कलम १७९ सांगतं की, मृत्युपत्र केल्यानंतर त्याच मुलाला हयातीत काही दिलं, तरी मृत्युपत्रातली रक्कम कमी होत नाही. म्हणून किती रक्कम, कोणत्या वर्षी दिलेली, ती मूळ आकड्यानेच धरायची की व्याजासह, आणि ती त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त भरली तर त्याने परत द्यायची की नुसतं बाजूला राहायचं, या चारही गोष्टी मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. दोन साक्षीदार असे घ्या, ज्यांना त्यातून काहीही मिळणार नाही.