वाटी पुन्हा निखळली, दावा नेमका कशावर करायचा?

प्रश्न: माझ्या मुलीच्या उजव्या गुडघ्याची वाटी सोळाव्या वर्षापासून पाच वेळा बाहेरच्या बाजूला निखळली. 14 महिन्यांपूर्वी, ती 20 वर्षांची असताना, वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एमपीएफएल लिगामेंट नव्याने बसवण्याचं ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर मी सही केली. त्यानंतर कितीतरी महिने गुडघा काटकोनाच्या पुढे वाकेना, जोर लावला की आतल्या बाजूला ओढ बसायची. आठव्या महिन्यात तो एकदम सैल पडला आणि पंधरा दिवसांत जिना उतरताना वाटी पुन्हा निखळली. पडली वगैरे नव्हती. दुसऱ्या सर्जननी सीटी स्कॅन करून सांगितलं, 'टीटी-टीजी 22 आहे, वाटीही उंच आहे, तेव्हाच हाडाचं ऑपरेशन व्हायला हवं होतं.' पहिल्या एमआरआयच्या रिपोर्टात तोच आकडा 17 आहे. दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आधीच्या डॉक्टरांनी चुकीचं ऑपरेशन केलं म्हणून दावा लावता येईल का?

उत्तर: 'हाडाचं करायला हवं होतं, लिगामेंटचं केलं' एवढ्याच मुद्द्यावर दावा लावलात तर तो बहुधा हराल. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ज्याला तुम्ही फारसं महत्त्व दिलेलं दिसत नाही. गुडघा महिनोन्‌महिने वाकेना आणि मग एकदम सैल पडला. माझी नजर तिथे अडकली. त्याकडे येतोच, पण आधी 17 आणि 22 चा हिशोब मिटवू.

टीटी-टीजी म्हणजे मांडीच्या हाडावर वाटी ज्या खाचेत सरकते, त्या खाचेचा सगळ्यांत खोल बिंदू आणि नडगीच्या हाडावरचा पुढचा उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर. वाटीखालचा पट्टा याच उंचवट्याला जोडलेला असतो. उंचवटा जितका बाहेरच्या बाजूला, तितकी मांडीचा स्नायू आवळताच वाटी बाहेर ओढली जाते. सीटीवर 20 मिलिमीटरच्या वर गेलं तर उंचवटा कापून आत सरकवावा, असा दंडक फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या डेजूर यांच्या संप्रदायाने घालून दिला आणि अजूनही सगळे त्याच आकड्यापासून बोलायला सुरुवात करतात.

पण हा आकडा गुडघा कसा ठेवला होता यावर हलतो. सीटीत पाय सरळ असतो. एमआरआयच्या कॉइलमध्ये गुडघा थोडा वाकलेला राहतो, आणि गुडघा वाकला की नडगी आत फिरून अंतर कमी होतं. त्यामुळे त्याच गुडघ्याचं एमआरआयवरचं माप सीटीपेक्षा काही मिलिमीटर कमी येणं नेहमीचंच. शिवाय खाच जन्मतःच उथळ किंवा सपाट असेल, तर तिचा 'सगळ्यांत खोल बिंदू' कोणता हे ठरवतानाच दोन रेडिओलॉजिस्टांत मतभेद होतो. म्हणजे 17 खोटं नाही आणि 22 ही खोटं नाही. मी एकदा एका प्रकरणात असाच आकडा हातात घेऊन उलटतपासणीला उभा राहिलो होतो. समोरच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, 'वकीलसाहेब, गुडघा किती अंशांत होता?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी आकड्याआधी स्कॅन कसा केला ते विचारतो.

17 समोर असताना 'फक्त लिगामेंट पुरेल' असं ठरवणारा सर्जन बेजबाबदार ठरत नाही. टीटी-टीजी वाढलेला असतानाही केवळ एमपीएफएल करून चांगले निकाल मिळाल्याचं म्हणणारे सर्जन आहेत, आणि हाड सरकवण्याचे स्वतःचे धोके आहेत: कापलेलं हाड न जुळणं, नडगी मोडणं, पुढे स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू (2005) प्रकरणात हेच सांगितलं आहे की उपचाराच्या दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि ती फसली, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. दुसरे सर्जन वेगळं म्हणतात म्हणून पहिले दोषी, हे कोर्टात टिकत नाही.

वाटीच्या उंचीचं प्रकरण थोडं वेगळं आहे, कारण ती बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेवरही मोजता येते आणि तो एक्स-रे पहिल्या डॉक्टरांकडे असणारच. वाटीच्या कूर्चा असलेल्या मागच्या पृष्ठभागाची लांबी घ्यायची. मग त्या पृष्ठभागाच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला लांबीने भागायचं. समजा अंतर 42 आणि लांबी 30 निघाली, तर भागाकार 1.4. हे गुणोत्तर असल्यामुळे फिल्म मोठी छापली काय नि लहान, फरक पडत नाही. 1.2 च्या वर वाटी उंच समजतात. उंच वाटी गुडघा वाकवताना खाचेत उशिरा शिरते, तोवर तिला बाजूचा हाडाचा कठडा मिळत नाही आणि सगळा भार लिगामेंटवर येतो. मात्र उंचवटा खाली सरकवायचा तो नेमक्या कोणत्या आकड्यापासून, यावरही सर्जनांत एकमत नाही. म्हणून माझा प्रश्न 'वाटी खाली का घेतली नाही' हा नाही. माझा प्रश्न 'ऑपरेशनआधी ती मोजली का' हा आहे. पाच वेळा वाटी निखळलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये उंची, टीटी-टीजी आणि खाचेचा आकार यांची एकही नोंद नसेल, तर 'आम्ही विचार करून पर्याय निवडला' हा बचाव लंगडा पडतो. नोंद असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

आता त्या वाक्याकडे. नव्या लिगामेंटचं, म्हणजे कलमाचं, एक टोक वाटीला आणि दुसरं मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला एका छिद्रात बसवतात. त्या छिद्राची जागा काही मिलिमीटरच्या हिशोबाची असते. शॉटल आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ती बाजूच्या एक्स-रेवर ओळखायची खूण दिली आणि ऑपरेशन चालू असताना सर्जन तीच पडद्यावर पाहतात. छिद्र जागेपेक्षा वर किंवा पुढे गेलं, तर गुडघा सरळ असताना लिगामेंट ठीक वाटतं, पण वाकवताना ताणलं जातं. रुग्णाला काटकोनाच्या आसपास आतल्या बाजूला ओढ लागते आणि वाकणं अडतं. व्यायामात जोर लावत राहिलं की एक दिवस कलम ढिलं पडतं किंवा सुटतं. गुडघा मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि वाटी पुन्हा बाहेर. तुम्ही लिहिलेला क्रम तंतोतंत हाच आहे. याचा अर्थ छिद्र चुकलंच असा नाही. कलम जास्त ताणून बसवलं तरी असंच होतं आणि ऑपरेशननंतर सांधा आखडणं हीही जाणती गुंतागुंत आहे. पण हे फिल्मवर तपासता येतं, आणि ते पद्धतीच्या निवडीसारखं मताचं नाही, अंमलबजावणीचं आहे. दावा उभा राहिला तर इथे राहील.

तपासणीसाठी एक्स-रे मात्र काटेकोर बाजूचा हवा. मांडीच्या हाडाची दोन्ही गोल टोकं एकावर एक बरोबर झाकली गेली पाहिजेत. पाय थोडा फिरला तरी छिद्र भलतीकडे दिसतं आणि समोरचे वकील पहिला हल्ला त्यावरच करतात. सीटी आधीच झाला आहे. त्यातही छिद्र दिसतं. त्या स्कॅनची मूळ प्रतिमांसह सीडी घ्या, छापील रिपोर्ट पुरत नाही.

आणि हे सगळं दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी. एकदा नवं छिद्र पाडलं आणि उंचवटा सरकवला, की पहिल्या कामाचा पुरावा त्या गुडघ्यातून कायमचा जातो. ऑपरेशन पुढे ढकला असं मी म्हणत नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. फक्त दुसऱ्या सर्जनना आधीच विनंती करा की शस्त्रक्रियेच्या नोंदीत जुनं कलम तुटलेलं होतं, ढिलं होतं की अखंड होतं, आणि जुनं छिद्र कुठे होतं, हे लिहावं. 'आधीचं ऑपरेशन चुकलं' असं लिहून मागू नका. ते लिहिणार नाहीत आणि लिहिलं तरी आपल्याला त्याचा फायदा नाही. त्यांनी काय पाहिलं तेवढंच हवं.

पहिल्या रुग्णालयाकडे आजच लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात. ऑपरेशन नोट, संमतीपत्र, आधीचे एक्स-रे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्यावर साठवलेली चित्रं, हे सगळं नावानिशी मागा. फिजिओथेरपीची फाइल विसरू नका. वाकण्याचे अंश आठवड्याआठवड्याला त्यात नोंदलेले असतात. मुलीने व्यायाम केला नाही म्हणून असं झालं, या बचावाला तोच कागद उत्तर देतो.

संमतीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, 'सही मी केली'. मुलगी 20 वर्षांची, सज्ञान, शुद्धीवर. मग तुमची सही कशासाठी? समीरा कोहली प्रकरणात (2008) रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेतली गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. सज्ञान रुग्णाची संमती रुग्णाचीच, आणि तीही पर्याय, धोके समजावून सांगितल्यानंतर. पत्रावर मुलीचीही सही आहे का पाहा. नसेल, आणि हाडाच्या ऑपरेशनचा पर्याय, वाटी पुन्हा निखळण्याची शक्यता यांचा उल्लेखही नसेल, तर हा स्वतंत्र आणि बराच भक्कम मुद्दा होतो. त्यावर समोरून एक प्रश्न येईल. सगळं सांगितलं असतं तर तिने हाड कापून घ्यायचं, काही आठवडे कुबड्यांवर काढायचं, हे खरंच निवडलं असतं का? उत्तर मुलीने द्यायचं आहे, तुम्ही नव्हे. तक्रारदारही तीच असेल, वकीलपत्रावर सहीही तिचीच.

मुदत: ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. तुम्ही म्हणाल, चूक तर आत्ता सीटीनंतर कळली. तो युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा, म्हणजे तुमच्या हातात 10 महिने आहेत. त्यातले पहिले दोन कागद आणि एका तिसऱ्या, या दोघांशी संबंध नसलेल्या गुडघ्याच्या सर्जनच्या लेखी मतासाठी ठेवा. त्यांना एकच गोष्ट विचारा: छिद्र कुठे आहे, आणि त्या जागेमुळे हे लक्षण होईल का. छिद्र जागेवर आहे असं ते म्हणाले, तर अंमलबजावणीचा मुद्दा गेला असं समजा आणि फक्त संमतीवर दावा लावायचा की नाही हे बोलायला मुलीला घेऊन या.